अर्ध्या दिवसात रिग्रेशन: कोणत्या टेस्ट चालवायच्या, कोणत्या सोडायच्या

दर दोन-तीन रिलीजमागे एकदा हे होतंच. बिल्ड सकाळी येणार असं ठरलेलं असतं, येतो दीड वाजता, आणि सहाला डिप्लॉयमेंटची विंडो. रिग्रेशनचा पूर्ण सेट चालवायला दोघांना दोन दिवस लागतात आणि ऑटोमेशन रात्रभर चालतं. मी ऑनलाइन ऑर्डर घेणाऱ्या एका सिस्टिमवर काम करतो, म्हणजे कार्ट, कुपन, पेमेंट, इनव्हॉइस, रिटर्न, रिफंड हा सगळा पसारा, आणि तिथे हा लोच्या इतक्या वेळा निस्तरलाय की आता त्याचा एक क्रम बसलाय. सोपं आणि फुकटात होणारं आधी, महागडं नंतर, त्याच क्रमाने लिहितोय.

आधी लक्षणं

तुमच्याकडे हीच भानगड आहे का ते यावरून कळेल:

- वेळ कमी पडला की लोक एक्सेल शीट वरून खाली चालवत सुटतात. लॉगिन आणि प्रोफाइल दर रिलीजला चकाचक टेस्ट होतात, रिटर्न आणि रिफंड शीटच्या तळाला म्हणून तिथपर्यंत कोणी पोचतच नाही.
- प्रॉडला आलेला बग अशा स्क्रीनवर निघतो जिला "या वेळी हातच लावला नव्हता".
- मागच्या महिन्यात हॉटफिक्स करून घालवलेला बग परत उगवतो.
- निम्मं झाल्यावर नवीन बिल्ड पडतो आणि आधीचं केलेलं धरायचं की नाही हे कोणालाच माहीत नसतं.
- साडेपाचला मॅनेजर ग्रुपवर विचारतो "काय काय झालं?" आणि उत्तर येतं "ऑलमोस्ट सगळं".

यातली दोन जरी जुळली तरी अडचण वेळेची कमी आणि निवडीची जास्त आहे असं समजा, कारण पूर्ण दिवस मिळाला असता तरी रिफंड शीटच्या तळालाच राहिला असता.

पहिलं: बिल्ड खरंच तोच आहे का

दहा मिनिटांचं काम, आणि हेच सगळ्यात जास्त वेळा राहतं. स्टेजिंगवर जे चालू आहे त्याचा कमिट हॅश बघायचा आणि रिलीज ब्रँचच्या टोकाशी जुळवायचा. आमच्याकडे हेल्थ पेजवर हॅश छापून येतो, तुमच्याकडे नसेल तर डेवला आजच सांगा, दोन ओळींचं काम आहे. बॅकएंड नवीन आणि फ्रंटएंड जुनाच कॅशमधून येतोय असंही होतं, म्हणून दोन्हीचं बघायचं.

मग फीचर फ्लॅग. स्टेजिंगवर सगळे फ्लॅग चालू ठेवायची सवय असते आणि प्रॉडला त्यातले निम्मे बंद असतात, म्हणजे तुम्ही जे टेस्ट करताय ते कस्टमरला दिसणारच नाहीये आणि त्याला दिसणार आहे ते तुम्ही बघितलेलंच नाही. प्रॉडची फ्लॅग यादी मागवा आणि स्टेजिंग तसं लावा. त्यानंतर एक स्मोक: लॉगिन, सर्च, एक ऑर्डर, एक पेमेंट, एक कॅन्सल. पंधरा मिनिटांच्या वर जायचं नाही. हा फेल झाला तर पुढची निवड वगैरे काही करत बसू नका, बिल्ड परत पाठवा.

दुसरं: हरवलेला हॉटफिक्स

हे दोन मिनिटांचं आहे आणि तरी फार कमी क्यूएवाले करतात, कारण गिट हे डेवचं काम असा समज. प्रॉडवर मध्ये हॉटफिक्स गेला असेल तर तो प्रॉडच्या टॅगवर असतो, पण रिलीज ब्रँचमध्ये परत मर्ज झालेला असेलच असं नाही. नसेल झाला तर आज तुम्ही स्वतःच्या हाताने जुना बग परत प्रॉडला नेताय. रिलीज ब्रँचवर उभं राहून:

```
git cherry -v HEAD v4.11.2
```

इथे `v4.11.2` म्हणजे आत्ता प्रॉडवर जे चालू आहे त्याचा टॅग. ज्या ओळीपुढे `-` येतो तो बदल तुमच्या ब्रँचमध्ये आहे. `+` आला तर तसाच्या तसा बदल सापडला नाही. `+` दिसला की लगेच आरडाओरडा नको, चेरी-पिक करताना कॉन्फ्लिक्ट सोडवलेला असेल किंवा दोन कमिट एकत्र केलेले असतील तरी `+` येतो, म्हणून डेवला हॅश पाठवून विचारायचं "हे आत आहे का?" आणि उत्तर हो आलं तरी त्या हॉटफिक्सची एक टेस्ट आजच्या यादीत टाकायची. लक्षणांमधला तिसरा मुद्दा बहुतेक वेळा इथेच संपतो.

तिसरं: काय बदललंय, आणि कोडच्या बाहेर काय बदललंय

जिराच्या तिकिटांवरून टेस्ट निवडू नका. तिकीट म्हणजे काय करायचं होतं ते, डिफ म्हणजे खरंच काय झालं ते, आणि या दोघांत बरंच अंतर असतं कारण कोणीतरी जाता जाता "थोडं क्लीनअप" केलेलं असतं.

```
git diff --stat v4.11.2 HEAD
```

कोड वाचता येत नसेल तरी चालतं, फाइलींची नावं आणि किती ओळी हलल्या एवढं पुरे. मी तीन गोष्टी शोधतो. एक, ज्या फोल्डरचा एकाही तिकिटात उल्लेख नाही तो इथे का दिसतोय. दुसरं, `package-lock.json` किंवा `pom.xml` सारखी फाइल हलली आहे का, कारण लायब्ररी बदलली की तुमच्या कोडची एक ओळ न बदलता तारीख, राउंडिंग, पीडीएफ असलं काहीही बदलू शकतं. तिसरं, डेटाबेसचं मायग्रेशन आणि कॉन्फिग.

कॉन्फिग आणि फ्लॅगकडे लोक फार सहज बघतात म्हणून एक खरं उदाहरण सांगतो. १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेत नाइट कॅपिटल नावाच्या शेअर ट्रेडिंग कंपनीने नवीन कोड आठ सर्व्हरवर टाकायचा होता तो सातवरच टाकला. नवीन फीचर चालू करायला जो फ्लॅग वापरला तो पूर्वी एका जुन्या, वापरात नसलेल्या कोडचा होता, आणि आठव्या सर्व्हरवर तो जुना कोड अजून पडलेला होता. फ्लॅग चालू केल्यावर तिथे तोच जागा झाला. साधारण ४५ मिनिटांत कंपनीचं ४४ कोटी डॉलरच्या वर नुकसान झालं. यात लक्षात घ्यायचं ते हे की नवीन कोडच्या टेस्ट कितीही चालवल्या असत्या तरी हे सापडलं नसतं. म्हणून डिफमध्ये फ्लॅगचं नाव दिसलं की मी विचारतो हा नवा आहे की जुनाच परत वापरलाय, आणि प्रॉडला सगळ्या सर्व्हरवर एकच व्हर्जन गेलंय हे कोण बघणार आहे. "ऑटोमॅटिक जातं" हे उत्तर चालत नाही, माणसाचं नाव पाहिजे.

चौथं: ज्याला हात लावला त्याच्यावर कोण कोण अवलंबून आहे

इथे खरी निवड सुरू होते आणि अर्ध्या-पाऊण तासाचा खर्च आहे. बदललेली स्क्रीन सगळेच टेस्ट करतात, डेवने स्वतः केलेली असते, फीचर टेस्टिंगमध्ये झालेली असते, त्यामुळे तिथे बग मिळायची शक्यता आता कमी. बग मिळतो तो शेजारच्याकडे, म्हणजे तेच फंक्शन, तेच टेबल किंवा तीच एपीआय वापरणाऱ्या दुसऱ्या कोणाकडे.

एक केस पूर्ण उलगडून दाखवतो, आकडे सोपे घेतलेत आणि जीएसटी बाजूला ठेवलाय.

तीन वस्तू, प्रत्येकी १५० रुपये, आणि १०० रुपयांचं कुपन. कस्टमरने ३५० भरले. हे १०० तीन वस्तूंवर वाटायचे कारण इनव्हॉइसवर प्रत्येक ओळीला तिचा डिस्काउंट दाखवायचा असतो. १०० भागिले ३ म्हणजे ३३.३३, तीनदा ९९.९९ झाले, एक पैसा उरला. जुन्या कोडमध्ये तो उरलेला पैसा शेवटच्या ओळीला जायचा, म्हणजे ३३.३३, ३३.३३, ३३.३४. नवीन रिलीजमध्ये तिकीट असं की उरलेला पैसा सगळ्यात महाग वस्तूला द्या, आणि किमती सारख्या असतील तर पहिलीला. म्हणजे आता ३३.३४, ३३.३३, ३३.३३. तिकिटावर लिहिलंय "चेकआउट". चेकआउट टेस्ट केलं, बेरीज बरोबर, इनव्हॉइस बरोबर, सगळं हिरवं.

आता हे वाटप करणारं फंक्शन अजून कोण वापरतं ते बघायचं:

```
git grep -n splitDiscount
```

चार ठिकाणं निघतात: चेकआउट, इनव्हॉइसची पीडीएफ, सेलरचा हिशेब आणि पार्शल रिटर्न. पहिली दोन ठीक. पार्शल रिटर्नमध्ये मात्र साठवलेला डिस्काउंट वाचण्याऐवजी कोड ते फंक्शन परत चालवून डिस्काउंट नव्याने काढतो. वर्षभर चालून गेलं कारण दोन्हीकडे एकच नियम होता. आज रात्री रिलीज गेल्यावर काय होईल? काल ऑर्डर दिलेला कस्टमर उद्या तिसरी वस्तू परत करतो. इनव्हॉइसवर त्या ओळीचे त्याने भरलेत ११६.६६. नवीन कोड म्हणतो १५० वजा ३३.३३, रिफंड ११६.६७. आणि सिस्टिममध्ये एक चेक आहे की ओळीवर जेवढे भरले त्यापेक्षा जास्त रिफंड द्यायचा नाही, जो अगदी बरोबर चेक आहे. तो चेक रिफंड अडवतो. एका पैशासाठी रिटर्न अडकला, आणि कस्टमर केअरला फोन सुरू.

बघा, रिटर्नच्या एकाही फाइलला हात लागलेला नाही. तिकिटावरून निवडलं असतं तर रिटर्न यादीतच आला नसता, "या वेळी हात लावला नव्हता" वाली स्क्रीन ती हीच.

कोड वाचता येत नसेल तर डेवच्या खुर्चीशेजारी जाऊन किंवा कॉलवर तीन प्रश्न विचारा, दहा मिनिटं लागतात. हे फंक्शन अजून कोण बोलावतं? हा डेटा नंतर कोण वाचतं, रिपोर्ट, रात्रीचे जॉब, पार्टनरला जाणारी फाइल धरून? आणि हा बदल करताना तुला भीती कुठे वाटली होती? तिसरा प्रश्न मजेशीर वाटेल पण सगळ्यात जास्त माल त्यातच निघतो. आमच्या एका डेवने यावर लगेच सांगितलं होतं, "अरे सेलरच्या हिशेबाचं मला कधीच नीट कळलेलं नाहीये, तेवढं बघ." त्या दिवशी यादीत सेलर हिशेब वर चढला.

पाचवं: जे परत घेता येत नाही ते वर

वरच्या चेकमधून तीस-चाळीस जागा निघतात आणि वेळ त्याच्या निम्म्याचा पण नसतो. इथे लोक हाय, मीडियम, लो लावत बसतात आणि शेवटी सगळंच हाय होतं. मी एकच प्रश्न विचारतो: हे रात्री फाटलं तर सकाळी परत घेता येईल का?

बटण चुकीच्या जागी गेलं, फिल्टर चालत नाही, फ्लॅग बंद करून जुनं चालू करता येतंय, असलं सगळं खाली. वाईट दिसेल पण सकाळी सुधारेल. कस्टमरच्या खात्यातून दोनदा पैसे गेले, डेटा चुकीचा लिहिला गेला, हजारो लोकांना चुकीचा एसएमएस गेला, इनव्हॉइस नंबर उडाला किंवा दोनदा लागला, हे परत घेता येत नाही, किंवा घ्यायला महिना जातो. हे वर, शक्यता कमी वाटली तरी वर.

मोबाइल अॅप असेल तर तेही वर. वेबला रोलबॅक दहा मिनिटांत होतो. अॅपचं तसं नाही, प्ले स्टोअरवर टप्प्याटप्प्याने सोडलेली रिलीज थांबवता येते पण ज्यांच्या फोनवर ती गेली त्यांच्याकडे तीच राहते, नवीन व्हर्जन पाठवेपर्यंत. अॅपलकडे फेज्ड रिलीज ७ दिवसांची असते, पहिल्या दिवशी १ टक्का, दुसऱ्या दिवशी २, मग ५, १०, २०, ५० आणि सातव्या दिवशी १००, मधे थांबवता येतं पण ज्यांनी अपडेट केलं त्यांचं मागे जात नाही. शिवाय स्वतःहून अपडेट दाबणाऱ्याला ती पहिल्या दिवशी पण मिळते. म्हणून सेम दिवशी वेब आणि अॅप दोन्ही असेल तर अर्ध्या दिवसातला मोठा वाटा अॅपला. आणि एक उलटी केस: अॅप बदललेलं नाही, फक्त बॅकएंड बदललाय, पण लोकांच्या फोनवर सहा महिने जुनी अॅप्स आहेत. जुन्या अॅपवरून एक ऑर्डर आणि एक रिटर्न नवीन बॅकएंडवर चालवून बघायचाच.

मायग्रेशन असेल तर एक प्रश्न जास्तीचा: रोलबॅक केला तर जुना कोड नवीन डेटाबेसवर चालेल का? नवीन कॉलम वाढवलाय आणि तो रिकामा चालतो, तर चालेल. कॉलम काढून टाकलाय किंवा नाव बदललंय, तर नाही चालणार, म्हणजे रोलबॅक कागदावर आहे आणि खरा नाहीये. अशा वेळी वर लिहिलेलं सगळं "सकाळी सुधारू" वालं पण वरच्या यादीत येतं, कारण परत जायचा रस्ताच नाही.

सहावं: घड्याळ

दीड ते सहा म्हणजे साडेचार तास. त्यातला पाऊण-एक तास वरच्या चेकमध्ये गेला. शेवटचा एक तास रिटेस्टला बाजूला काढून ठेवायचा, त्याला हात लावायचा नाही, कारण बग मिळाला तर फिक्स येणार आणि तो बघायला वेळ नसेल तर बग मिळून उपयोग काय. उरले अडीच तास. दोन माणसं म्हणजे पाच तासांचं काम, जेवण-चहा-मीटिंग धरून चारच धरा.

आता टेस्टची वेळ लावताना सेटअप पण मोजायचा. पार्शल रिटर्नची टेस्ट पाच मिनिटांची आहे पण त्याआधी ऑर्डर डिलिव्हर्ड स्टेटसला न्यायला वीस मिनिटं. म्हणून सेटअपवरून गट पाडा: एकदा तीन वस्तूंची कुपन लावलेली ऑर्डर डिलिव्हर्ड केली की त्याच ऑर्डरवर इनव्हॉइस बघा, एक वस्तू परत करा, रिफंड बघा, सेलरचा हिशेब बघा. चार टेस्ट, सेटअप एक.

ऑटोमेशनमधलं काय उचलायचं? पायटेस्ट वापरत असाल तर रात्रीचा रनच असा चालवत जा, म्हणजे वेळ कुठे जातो ते त्याच्या आउटपुटच्या शेवटी दिसतं:

```
pytest --durations=20
```

आमच्याकडे एकूण वेळेचा मोठा भाग सर्च आणि रिपोर्टच्या मोजक्या टेस्ट खात होत्या, ज्यांचा या बदलाशी संबंध नव्हता. त्या मार्कर लावून वगळल्या आणि पेमेंट, कुपन, रिटर्नच्या उरलेल्या सगळ्या दीड वाजताच मागे चालू करून दिल्या. यंत्र चालतंय तोवर माणसाने हाताने तेच करू नये. पॅरलल चालवून वेळ वाचतो पण दोन टेस्ट एकच युजर किंवा एकच कुपन वापरत असतील तर नवीनच लाल दिवे लागतात, त्यामुळे आधी कधी पॅरलल चालवलं नसेल तर आजचा दिवस तो प्रयोग करायचा नाही.

लाल आलेल्या टेस्टबद्दल माझा नियम असा, ती एकटी परत चालवा, एकदाच. परत लाल तर बग समजून डेवकडे. हिरवी झाली आणि ती आजच्या बदलाच्या भागातली नसेल तर नोंद करून पुढे जा. हिरवी झाली पण आजच्या भागातली असेल तर हाताने बघा, "फ्लेकी आहे ती, नेहमीच पडते" असं म्हणून सोडू नका, कारण नेहमी पडणाऱ्या टेस्टच्या आड खरा बग आरामात लपतो.

मधेच नवीन बिल्ड आला तर सगळं पहिल्यापासून नाही. आधीच्या बिल्डपासून नव्या बिल्डपर्यंतचा डिफ काढा, त्याच्या शेजारचं परत करा, स्मोक परत करा, बाकीचं केलेलं धरा. पण डिफ न बघता धरू नका, "फक्त एक ओळ बदलली" हे वाक्य ऐकलं की मी तर नक्कीच बघतो.

सातवं, सगळ्यात महाग: जुना डेटा

वरच्या एक पैशाच्या केसमध्ये अजून एक खाच आहे. समजा तुम्ही हुशारीने पार्शल रिटर्न यादीत घेतला, नवीन बिल्डवर नवीन ऑर्डर केली, तिसरी वस्तू परत केली. पास! कारण नवीन ऑर्डरमध्ये साठवलेला डिस्काउंट पण नवीन नियमाने ३३.३३ आणि रिटर्नने काढलेला पण ३३.३३. बग दिसतो तो फक्त जुन्या बिल्डवर केलेल्या ऑर्डरचा रिटर्न नवीन बिल्डवर केला तर. आणि आपले रिग्रेशनचे सेट, ऑटोमेशन तर विशेषच, दर वेळी स्वतःचा ताजा डेटा बनवतात आणि शेवटी पुसून टाकतात. प्रॉडला मात्र रिलीजच्या क्षणी हजारो ऑर्डरी अधांतरी असतात: पेमेंट झालंय पण पाठवली नाही, पाठवली पण पोचली नाही, पोचली पण रिटर्नची मुदत चालू आहे.

हे करायला जुना बिल्ड पाहिजे आणि नवीन एकदा टाकला की तो गेलेला असतो. परत जुना टाका, ऑर्डरी करा, मग नवीन टाका, यात दीड तास सहज जातो. स्वस्त रस्ता एकच, स्टेजिंगवर नवीन बिल्ड पडायच्या आधी सहा-सात ऑर्डरी वेगवेगळ्या स्टेटसला करून ठेवायच्या. बिल्ड उशिरा येतोय ना, मग सकाळचा मोकळा वेळ याला द्या. कमीत कमी या: कुपनसह पैसे भरलेली पण न पाठवलेली, वाटेत असलेली, डिलिव्हर्ड आणि रिटर्न बाकी, अर्धी रिटर्न झालेली, कॅश ऑन डिलिव्हरी, आणि पेमेंट अडकलेली. नवीन बिल्ड आल्यावर प्रत्येकीला एक पाऊल पुढे ढकला. चाळीस मिनिटांत होतं आणि निम्म्या दिवसात एवढंच करता आलं तरी मी बाकीचं सोडून हे करेन.

स्टेजिंग आधीच बदललेलं असेल तर प्रॉडचा मास्क केलेला बॅकअप मिळतोय का बघा. मास्क न केलेला मात्र घेऊ नका, कितीही घाई असली तरी, लोकांचे फोन नंबर-पत्ते असतात त्यात आणि स्टेजिंगवरून खऱ्या माणसांना एसएमएस गेले तर दुसरंच प्रकरण उभं राहील.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

काही गोष्टी टेस्टरने दुपारी तीन वाजता एकट्याने ठरवायच्या नसतात.

मायग्रेशन मोठ्या टेबलवर आहे किंवा त्यात कॉलम काढणं, टाइप बदलणं आहे, तर डीबीए. स्टेजिंगच्या दहा हजार ओळींवर दोन सेकंदात झालेलं प्रॉडच्या काही कोटी ओळींवर टेबल किती वेळ लॉक करेल हे तुमच्या कुठल्याच टेस्टमधून कळणार नाही.

लॉगिन, टोकन, परवानग्या किंवा पेमेंटच्या सही तपासणीच्या कोडला हात लागलाय, तर सिक्युरिटीवाला. तुम्ही "बरोबर पासवर्डने आत जाता येतं" बघाल, पण इथे तपासायचं असतं की ज्याने आत जायला नको तो जातोय का, आणि ते अर्ध्या दिवसात शिकून होत नाही.

पैशाच्या भागात बग मिळाला, फिक्स आला, आणि त्या फिक्समधून दुसरा बग निघाला, तर टेस्टिंग थांबवा आणि रिलीजच्या मालकाला फोन करा, मेसेज नको, फोन. फिक्समधून फिक्स निघायला लागले की तो भाग आज कोणाच्याच ताब्यात नाही, आणि अजून वीस टेस्ट चालवून ते बदलत नाही. तो बदल काढून बाकीची रिलीज जाऊ शकते का हे डेव लीडने ठरवायचं. तसंच रोलबॅक चालणार नाही असं पाचव्या चेकमध्ये कळलं असेल तर तो निर्णय तुमचा नाहीच, वरच्याला लेखी कळवा.

साडेपाचला जे पाठवायचं ते मी असं पाठवतो, वरच्या केसमध्ये पाठवलं असतं तसं:

"बिल्ड हॅश जुळला, फ्लॅग प्रॉडप्रमाणे. केलं: चेकआउट, कुपन, पेमेंट, पूर्ण आणि पार्शल रिटर्न जुन्या व नवीन ऑर्डरींवर, सेलर हिशेब, जुन्या अॅपवरून ऑर्डर. केलं नाही: सर्च, रिव्ह्यू, विशलिस्ट (कोड हलला नाही, फाटलं तर रोलबॅक चालतो), महिनाअखेरचा रिपोर्ट (हलला आहे, वेळ नव्हता, ३० तारखेच्या आत बघणार). उघडा बग: जुन्या ऑर्डरीचा पार्शल रिटर्न अडकतो, एक पैशाचा फरक, फिक्स आला नाही. हा उघडा असताना माझा साइन-ऑफ नाही. जायचं की नाही ते कृपया इथेच लिहून सांगा."

"केलं नाही" वाल्या ओळीत प्रत्येक गोष्टीपुढे कारण हवंच, नुसती नावं टाकली तर वाचणाऱ्याला सर्च आणि महिनाअखेरचा रिपोर्ट यात काही फरक दिसत नाही.